चित्र १ मधले भाव

माणसांचे चेहरे मी विसरते, पण कोणी तोंडावर मारलेलं वाक्य विसरत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलावा असं मला कधी वाटलेलं नाही. पुण्यातल्या त्या शिकवणी वर्गाच्या संचालकांचं वाक्य तर पोस्टकार्डावर आलं होतं. म्हणजे माझ्या आधी ते पोस्टमननं वाचलं, त्याच्यामागून दुकानदारानं आणि मग चावडीवर बसलेल्या सगळ्यांनी. मी शाळेतून घरी येईपर्यंत गावात माझा निकाल लागून गेला होता.

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत मी मुळशीतल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवसभर सातवीपर्यंतची पोरं आणि संध्याकाळी घर. आम्हा मास्तरांना आणि बाईंना कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा देता येई, म्हणून मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला, बसले होते. माझ्या शाळेतले एक गुरुजीही बसले होते. ते वयानं माझ्यापेक्षा मोठे, मावळातलेच, बोलायला रांगडे आणि मनानं साधे. आम्हा दोघांना शिकवायला इथं कोण होतं? म्हणून आम्ही पुण्याच्या त्या वर्गाचे पोस्टानं येणारे पाठ लावले होते. महिन्याला एक जाड पाकीट येई. आत गुळगुळीत कागदावर छापलेले पाठ आणि शेवटच्या पानावर उत्तरं असत.

अर्थशास्त्राचा एक पाठ होता निर्देशांकांचा. त्यातलं उदाहरण असं होतं : ‘सोबतच्या चित्र १ मध्ये एका कुटुंबाला लागणाऱ्या वस्तूंचे भाव दिले आहेत. त्यांवरून (अ) चालू वर्षाचा निर्देशांक काढा. (ब) गेल्या वर्षाचा निर्देशांक १२० होता, तर यंदाचा भाववाढीचा दर काढा.’ खाली एक मोठा चौकोन होता. चौकोनाखाली ‘चित्र १’ असं छापलेलं होतं आणि चौकोनात काहीच नव्हतं. धड एक टिंबसुद्धा नाही.

गुरुजींनी त्यांचा पाठ उलगडला आणि म्हणाले, “बाई, आवं ह्यो चौकोन माझ्यातबी रिकामाच हाय. म्हंजी सगळ्यांचाच रिकामा.”

शेवटच्या पानावर उत्तरं मात्र होती. (अ) १२६. (ब) ६ टक्के.

आता निर्देशांक म्हणजे काही फार गहन प्रकार नव्हे. एक आधारवर्ष धरायचं आणि त्याला शंभर मानायचं. घराला लागणारं ठरावीक सामान त्या वर्षी किती रुपयांना येत होतं ते काढायचं. तेच सामान, तेवढंच, आज किती रुपयांना येतं ते काढायचं. आजच्या रकमेला त्या वेळच्या रकमेनं भागून शंभरनं गुणायचं. पण त्यासाठी भाव लागतात आणि कोणती वस्तू किती लागते तेही लागतं. तेच तर चित्रात असायला हवं होतं. गुरुजी आणि मी मधल्या सुट्टीत बसून मनानं भाव घालून पाहायचो. तांदूळ महाग केला आणि घासलेट तसंच ठेवलं तरी १२६ आणता येई. सगळ्या वस्तू सारख्या सव्वीस टक्क्यांनी वाढवल्या तरी १२६ येई. उत्तरावरून मूळ भाव शोधणं म्हणजे धावणारी एस.टी. पाहून तिच्यात कोण कोण बसलंय ते सांगण्यासारखं होतं.

म्हणून मी वर्गाला पत्र लिहिलं. अगदी नम्रपणे लिहिलं. चित्र छापायचं राहिलं आहे, कृपया पाठवावं. त्याचं उत्तर आलं ते हे पोस्टकार्ड : ‘चित्र नसले तरी उत्तर दिले आहे, तेवढे पाठ करावे. बाजारातील भाजीचे भाव आपणांस ठाऊक असतीलच. अर्थशास्त्र त्याहून निराळे आहे.’

दुसऱ्या दिवशी दुकानात मीठ आणायला गेले तर दुकानदार हसत म्हणाला, “बाई, भाजीचा भाव तुमाला ठाऊक हाय म्हनं!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परीक्षा जवळ आली होती आणि दुसरं पुस्तक हाताशी नव्हतं. मी दात-ओठ खात उत्तर पाठ केलं. एकशे वीस, एकशे सव्वीस, सहा टक्के. एकशे वीस, एकशे सव्वीस, सहा टक्के. भाकरी थापतानाही तेच तोंडात असे.

परीक्षेत निर्देशांकाचा प्रश्न आला. तिथं तक्ता व्यवस्थित छापलेला होता. गेल्या वर्षाचा निर्देशांक निघाला १६० आणि चालू वर्षाचा २००. मी पाठातल्यासारखी वजाबाकी केली आणि भाववाढ चाळीस टक्के असं लिहून आले. गुरुजींनीही तेच लिहिलं. आम्ही दोघंही अर्थशास्त्रात नापास झालो, आणि तेही थोडक्यात.

घरी सासूबाईंनी निकाल ऐकून घेतला. त्या वाईट नव्हत्या. मी शाळेत जायचे तेव्हा माझी दोन्ही मुलं त्याच सांभाळायच्या आणि अभ्यासाला बसले की दार लोटून घ्यायच्या. पण त्यांचंही वय होत होतं. त्या म्हणाल्या, “आनी येकडाव बस. न्हाई जमलं तर पुस्तकं माळ्यावर. माज्यानं आता हुईना.” यात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. पास झाले असते तर पुढं हायस्कूलात शिकवायची वाट मोकळी होती. आता एकच संधी उरली होती.

चूक कुठं झाली ते मला कुणी सांगितलं नाही. ते मला माझ्याच वर्गात सापडलं. सातवीला नफा-तोटा शिकवत होते. उदाहरण द्यायला आकडे हवे होते आणि तोंडात बसलेले आकडे आपोआप बाहेर आले. “खरेदी एकशे वीस, विक्री एकशे सव्वीस. शेकडा नफा किती?” पहिल्या बाकावरची पोरगी ताडकन म्हणाली, “सहा.” मी रोजच्या सवयीनं तिच्यावर ओरडले, “सहा रुपये झाले गं! शेकडा किती? शेकडा काढायचा तो खरेदीवर.” तिनं पाटीवर सहाला एकशे वीसनं भागलं, शंभरनं गुणलं आणि म्हणाली, “पाच.”

मी खडू हातात धरून उभीच राहिले. पाच! भाववाढीचा दर गेल्या वर्षावर काढायचा असतो, गेल्या वर्षाचा आकडा होता एकशे वीस. सहा हा नुसता आकड्यांतला फरक. सहा टक्के तेव्हाच झाले असते, जेव्हा गेलं साल हेच आधारवर्ष, म्हणजे शंभर असतं. परीक्षेतही एकशे साठचे दोनशे झाले म्हणजे चाळीस नव्हे, पंचवीस टक्के. चित्र हरवलेलं होतं, पण त्याच्याशिवायही पाठाचं अर्धं उत्तर धडधडीत चुकलेलं होतं, आणि ते चुकलेलं उत्तर पाठ करायला सांगून तो माणूस मला भाजीचे भाव शिकवत होता.

मधल्या सुट्टीत गुरुजींना सांगितलं. त्यांनी पाठाचं शेवटचं पान काढून पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजी आपून त्याच्यापायी बुडालो व्हय?”

“त्याच्यापायीच,” मी म्हणाले. “आणि मी त्याला सोडणार नाही.”

देवानं माझं ऐकलं असावं. पावसाळा सरल्यावर पौडला आम्हा तालुक्यातल्या शिक्षकांची सभा भरायची होती. यंदा सभेत पुण्याचे पाहुणे येऊन ‘अर्थशास्त्र सोपे कसे करावे’ यावर बोलणार आणि आपल्या वर्गाची माहिती देणार, असं कळलं. पाहुणे म्हणजे तेच संचालक. शिक्षण खात्याचे साहेब अध्यक्ष होते. पौडच्या हेडमास्तरांनी निरोप धाडला की पाहुण्यांना व्याख्यानासाठी मोठा तक्ता लागेल, बाईंचं अक्षर चांगलं आहे, तेव्हा निर्देशांकाच्या पाठावर एक तक्ता त्यांनी करून आणावा.

तक्ते करण्यात आम्हा प्राथमिकच्या बायकांचा हातखंडा असे. तपासणीला साहेब आले की आधी भिंतीवरचे तक्ते पाहत आणि मग मुलांकडे वळत. मी पुठ्ठ्यावर पांढरा कागद पिठाच्या खळीनं चिकटवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चित्र १’. एक पोतं काढलं, एक गुळाची ढेप आणि एक घासलेटची बाटली. रंग भरले. आणि भाव घातले, पण ते एकशे सव्वीस येतील असे नव्हेत.

महिन्याचं सामान : तांदूळ वीस किलो, गूळ पाच किलो, घासलेट दहा बाटल्या. आधारवर्षी तांदूळ साठ पैसे, गूळ ऐंशी पैसे, घासलेट चाळीस पैसे. म्हणजे बारा रुपये, चार रुपये आणि चार रुपये, एकूण वीस. गेल्या वर्षी तांदूळ ऐंशी पैसे, गूळ एक रुपया, घासलेट चाळीसच. सोळा, पाच आणि चार, एकूण पंचवीस. यंदा तांदूळ एक रुपया, गूळ एक रुपया दहा पैसे, घासलेट पंचेचाळीस पैसे. वीस, साडेपाच आणि साडेचार, एकूण तीस. बेरजा मी तक्त्यावर लिहिल्या नाहीत, फक्त भाव आणि वजनं लिहिली. ज्याला निर्देशांक येतो त्याला तोंडी उत्तर सांगता आलं असतं. विसाचे तीस झाले, म्हणजे दीडशे. गेल्या वर्षाचा एकशे पंचवीस. पंचवीस रुपयांचं सामान तीसला गेलं, म्हणजे भाववाढ वीस टक्के.

पुठ्ठा काखेत मारून मी आणि गुरुजी पौडला निघालो. वाटेत गुरुजींना धीर निघेना. “बाई, पावना हाय. सायेब समोर असत्यात. जरा इचार करा.”

“विचार करूनच काढलाय तक्ता,” मी म्हणाले.

संचालक गोरेपान होते, चष्म्याला सोनेरी काडी, बोलणं तुपासारखं. माझा तक्ता भिंतीवर लावलेला पाहून त्यांनी हात जोडले. “वा, वा! हे तर आमच्या पाठातलंच चित्र. किती सुबक काढलंय!” त्यांनी स्वतःच्या तोंडानं तसं म्हटलं, हे बरं झालं. मी पुढच्या बाकावर पदर सावरून बसले आणि माझ्या मनात लाडू फुटायला लागले.

त्यांनी अर्धा तास भाषण केलं. मग खडू घेतला, तक्त्याकडे एकदा हात केला आणि फळ्यावर लिहिलं, ‘यंदाचा निर्देशांक १२६. भाववाढ ६ टक्के.’ सगळ्या सभागृहानं वह्यांत उतरून घेतलं. तांदूळ, गूळ, घासलेट यांच्याकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नव्हती.

मी उभी राहिले. “सर, पायऱ्या दाखवाल का?”

“पायऱ्या पाठात आहेत, बाई. परीक्षेत उत्तर महत्त्वाचं.”

“पण तक्त्यातून एकशे सव्वीस निघत नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. मागून गुरुजी उठले. मघापर्यंत भिणारे गुरुजी! म्हणाले, “सायेब, ईस रुपयांचं सामान तीसला झालं. मंग दीडशे नगं का याया?”

संचालकांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. मग घाईघाईनं प्रत्येक वस्तूचा वेगवेगळा निर्देशांक काढला, तिन्हींची बेरीज केली आणि तीननं भागलं. एकशे एकोणचाळीसच्या आसपास काहीतरी आलं. त्यांनी ते लिहिलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

“सर,” मी म्हणाले, “घरात तांदूळ वीस किलो लागतो आणि गूळ पाच. दोघांना सारखंच वजन दिलंत तर तांदळाच्या महागाईची झळ कशी दिसणार?”

आता ते चिडले. “हा तक्ताच चुकीचा आहे! मूळ चित्रातले भाव निराळे होते. कोणी काढला हा?”

“मी. तुमच्या पाठात चित्रच नाही, नुसता चौकोन आहे. मूळ भाव सांगा, मी आत्ता इथंच तक्ता दुरुस्त करते.”

मूळ भाव त्यांना ठाऊकच नव्हते. पुष्कळशा मास्तरांच्या पिशव्यांत तोच पाठ होता. त्यांनी पानं उलटली, आणि रिकामे चौकोन एकमेकांना दाखवायला लागले.

पण मला तेवढं पुरेसं नव्हतं. माणूस पडला की लोकांना त्याची दया येते, मला आली नाही. मी म्हणाले, “चित्र राहू द्या. गेल्या वर्षी एकशे वीस, यंदा एकशे सव्वीस, हे तुम्ही अक्षरांत छापलंय. शेकडा वाढ किती?”

“सहा,” ते म्हणाले. जिभेवर बसलेलंच होतं.

“शेकडा कशावर?”

आणि सगळं सभागृह हसलं. सबंध आयुष्य पोरांना ‘नफा खरेदीवर काढा’ म्हणून ओरडत आलेली माणसं होती ती. अध्यक्ष साहेबसुद्धा हसू दाबत हळूच म्हणाले, “पाच होतात, पाच.” संचालकांनी फळ्यावरचा सहा पुसला आणि खडूची पूड झटकत बसले. त्यांचं पितळ इतकं उघडं पडलं की चहाला थांबण्याची ताकदही त्यांच्यात राहिली नाही. त्या दिवशी त्यांच्या वर्गाचा एकही फॉर्म कुणी भरला नाही. परत येताना मी रिकाम्या वाटेवर मोठमोठ्यानं हसत होते. गुरुजी म्हणाले, “बाई, तुमच्याशी वैर नगं रे बाबा.” मला तो गौरव वाटला.

एवढं सांगून मी थांबले असते तर गोष्ट किती गोड झाली असती.

पुढच्या वर्षी आम्ही पाठबिठ काही लावले नाहीत. जुनी पुस्तकं मिळवली, एकमेकांना उदाहरणं घातली, आणि दोघंही पास झालो. अर्थशास्त्रात मला चांगले गुण मिळाले. निर्देशांकाचा प्रश्न तर मी दोनदा तपासून सोडवला होता. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली आणि शेजारणीला बोलावून सांगितलं, “आमची बाई इंटर झाली.” मला वाटलं, सूडही पुरा झाला आणि संसारही तरला.

मग एका दुपारी पौडच्या बाजारात सूस गावच्या शाळेत नव्यानं लागलेली एक तरुण शिक्षिका मला शोधत आली. तिच्या हातात पुण्याच्या वर्तमानपत्राची घडी होती. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या वर्गाचे घवघवीत यश!’ खाली नावांची यादी होती. पहिलं नाव माझं होतं, गावासकट, आणि पुढं अर्थशास्त्राचे माझे गुण. दुसरं नाव गुरुजींचं होतं. आमचे गुण त्या संचालकानं कुठून मिळवले देव जाणे. पण छापताना त्यानं एकही आकडा चुकवला नव्हता.

त्याच्या तोंडावर शाई फेकावी असं वाटलं. पुण्याची एस.टी. समोरच उभी होती. मी खरंच दोन पावलं पुढं टाकली. पण ती पोरगी माझा पदर धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला तिला झिडकारता येईना.

“तुमचं नाव वाचलं आणि मी लगेच पैसे भरले, बाई,” ती म्हणाली. “आमच्या बाजूची आणखी चौघं भरतायत. तुम्हाला जमलं तर आम्हालाही जमेल, असं आम्ही म्हटलं.”

बाजार भरात होता. कुणीतरी मिरच्यांची पाटी आमच्या मधून नेली. मी तिला विचारलं, “पैसे परत मागता येतील का?” ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

मग मी तिला रविवारी घरी अर्थशास्त्र शिकायला ये म्हणून सांगितलं. त्या चौघांनाही घेऊन ये, म्हणाले. “आणि फी?” तिनं बिचकत विचारलं. मी म्हणाले, “ती तुम्ही त्याला दिलीत ना.”